साठ आणि नव्वदची सरासरी सहासष्ट कशी? सी-सॉच्या फळीवर भारित सरासरी

हिवाळी परीक्षेचा निकाल लागला त्याच आठवड्यात बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी गुणपत्रक घेऊन माझ्या घरी आली. सोबत तिचे बाबा होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी ते कापूस विकायला आले होते, म्हणून तीही त्यांच्यासोबत निघाली होती. एका विषयात तिला अंतर्गत मूल्यमापनात ९० टक्के आणि लेखी परीक्षेत ६० टक्के होते. विषयाचा निकाल मात्र ६६ टक्के लागला होता.

"सर, नव्वद अन् साठचे पंच्याहत्तर व्हाले पाहिजे ना? माहे नऊ टक्के कुठं गेले?"

तिच्या हिशेबात बेरीज-भागाकाराची चूक नव्हती. दोन आकड्यांची साधी सरासरी ७५च येते. पण तिच्या अभ्यासक्रमात अंतर्गत मूल्यमापनाचा भारांश, म्हणजे निकालातला वाटा, २० टक्के आणि लेखीचा ८० टक्के होता. हे तिला माहीत होतं. भारांशामुळे उत्तर ६० कडे का सरकतं, आणि नेमकं सहासष्टवरच का थांबतं, हे मात्र तिला कोणी दाखवलं नव्हतं. सूत्र पाठ असूनही हे दिसत नाही. ते फळीवर दिसतं.

त्याआधी तिच्या बाबांचा हिशेब सांगतो, कारण त्यांनी तो माझ्या आधी केला. मी त्यांना विचारलं, "भाऊ, यंदा कापसाचा भाव सरासरी किती पडला?" ते म्हणाले, "वीस क्विंटल पहिल्या वेच्यांचा गेला सात हजार तीनशेनं. पाच क्विंटल फरदड होती, ते गेली सहा हजार तीनशेनं. सरासरी पडला सात हजार शंभर." फरदड म्हणजे हंगामाच्या शेवटी निघणारा हलका कापूस. मी म्हटलं, दोन भावांच्या मधोमध तर सहा हजार आठशे येतात. ते हसले. "फरदड होतीच किती, सर? पाच क्विंटलच्या जोरावर भाव इतका खाली कसा येईन?"

वीस गुणिले ७३०० म्हणजे १,४६,०००. पाच गुणिले ६३०० म्हणजे ३१,५००. एकूण १,७७,५०० भागिले २५, बरोबर ७१००. कापसाचं वजन वीस आणि पाच, म्हणजे चारास एक. मुलीच्या निकालात भारांश ८० आणि २०, तोही चारास एकच. बाबांना जे कापसात सहज दिसलं, तेच मुलीला गुणांत दिसायला हवं होतं.

फळीवर काय कुठे ठेवायचं

शाळेच्या आवारात लोखंडी टेकूवर बसवलेली सी-सॉची फळी डोळ्यांसमोर आणा. फळीवर ० पासून १०० पर्यंत खुणा केल्या आहेत. या खुणा म्हणजे टक्के. लेखीत ६० टक्के मिळाले, तर लेखी नावाचं मूल ६० च्या खुणेवर बसेल. अंतर्गत मूल्यमापनात ९० मिळाले, तर ते मूल ९० वर बसेल. मूल कुठे बसतं हे मिळालेल्या गुणांवरून ठरतं. मुलाचं वजन किती हे भारांशावरून ठरतं. म्हणजे ६० वर ८० किलोचं दणकट पोरगं बसलंय आणि ९० वर २० किलोचं लहानगं. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचं सगळंच चुकतं. गुण म्हणजे जागा, भारांश म्हणजे वजन.

आता एक फरक नीट लक्षात घ्या. खेळाच्या सी-सॉमध्ये टेकू पक्का असतो आणि मुलं मागेपुढे सरकतात. आपल्या चित्रात मुलं हलत नाहीत, कारण गुण तर मिळून गेलेले आहेत. इथे टेकू सरकवायचा. ज्या खुणेखाली टेकू ठेवल्यावर फळी आडवी राहते, ती खूण म्हणजे भारित सरासरी.

टेकू आधी मधोमध, ७५ खाली ठेवून पाहू. दोन्ही मुलं टेकूपासून १५-१५ वर आहेत. अंतर सारखं, वजन मात्र चौपट. फळी ६० च्या बाजूनं जमिनीला टेकते. ती आडवी करायची तर टेकू दणकट पोराकडे न्यावा लागेल. एकेक खूण डावीकडे सरकलं की त्याचं टेकूपासूनचं अंतर कमी होतं आणि त्याच वेळी लहानग्याचं वाढतं. जोर म्हणजे वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर. त्यामुळे एकाचा जोर घटतो, दुसऱ्याचा वाढतो. ६६ खाली पोचलो की डावीकडे ८० × ६ = ४८० आणि उजवीकडे २० × २४ = ४८०. फळी आडवी. इथून आणखी एक खूण डावीकडे गेलो तर लहानगं जिंकेल आणि उजवी बाजू खाली जाईल.

टेकू जड मुलाजवळ जातो तो एवढ्यासाठीच. जड मुलाला तोल राखायला थोडं अंतर पुरतं, हलक्याला लांब बसावं लागतं. वजनं चारास एक असतील तर टेकूपासूनची अंतरं एकास चार असतात. ६ आणि २४ चं नातं तेच आहे. ज्यांनी बंडी भरली आहे त्यांना हे हातानं ठाऊक असतं. मागच्या टोकाला एखादंच पोतं जास्त टाकलं की बंडी उलार होते, आणि तेच पोतं आखाजवळ ठेवलं तर फारसं काही बिघडत नाही. वजन तेच असलं तरी आखापासून ते किती लांब आहे त्यावर त्याचा जोर ठरतो.

पट्टी, पेन्सिल आणि पाच नाणी

कागदावरचं हे गणित त्या दिवशी आम्ही टेबलावर करून पाहिलं. तुम्हीही करा, दहा मिनिटं लागतात. लागेल ते असं: ३० सेंटिमीटरची पट्टी, सहा कडांची पेन्सिल आणि रुपयाची अगदी एकसारखी पाच नाणी. जुनी आणि नवी नाणी मिसळू नका, त्यांची वजनं वेगळी असतात. गोल पेन्सिल किंवा पेन घेऊ नका, ते घरंगळतं.

पहिल्यांदा रिकामी पट्टी पेन्सिलीवर आडवी राहते का ते पाहा. साधारण १५ च्या खुणेवर ती राहायला हवी. पट्टीच्या टोकांना कोरी जागा कमी-जास्त असेल तर तोल एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे जातो. मग जिथे तोल राहतो तिथेच पेन्सिल ठेवा, आणि खालची अंतरं तिथून मोजा.

इथे एक सेंटिमीटर म्हणजे दोन टक्के धरू. ६० आणि ९० मध्ये ३० टक्क्यांचं अंतर आहे, म्हणजे पट्टीवर १५ सेंटिमीटर. चार नाण्यांची चळत म्हणजे लेखी, एकटं नाणं म्हणजे अंतर्गत मूल्यमापन. चळत सरकू नये म्हणून सेलोटेपनं बांधून घ्या. नाण्याची कड नव्हे, मध्य खुणेवर यायला हवा.

मुलीचं म्हणणं होतं की सरासरी दोघांच्या मधोमध असावी. म्हणून तिनं चार नाणी ७.५ वर ठेवली आणि एक २२.५ वर, पेन्सिलपासून दोन्हीकडे साडेसात सेंटिमीटर. पट्टी लगेच डावीकडे टेकली. मग मी तिला सांगितलं की दोन्ही चळतींमधलं १५ सेंटिमीटरचं अंतर न बदलता दोघींना सोबतच उजवीकडे सरकवत जा. चार नाणी १२ वर आणि एक नाणं २७ वर पोचलं तेव्हा पट्टी उचलली गेली आणि आडवी थांबली. पेन्सिलपासून डावीकडे ३, उजवीकडे १२. चार गुणिले तीन बारा, एक गुणिले बारा बारा.

"किती सरकवलं?" मी विचारलं. तिनं मोजलं. साडेचार सेंटिमीटर. दोननं गुणलं की नऊ टक्के. तिचे नऊ टक्के कुठं गेले ते पट्टीवर मोजता आलं.

नाणी का सरकवायची, पेन्सिल का नाही, असं कोणी विचारेल. नाणी उजवीकडे नेणं आणि टेकू डावीकडे नेणं हे हिशेबाच्या दृष्टीनं एकच आहे. पण खऱ्या पट्टीला स्वतःचं वजन असतं. पेन्सिल मध्यापासून हलवली की पट्टीचा लांब भागही खाली ओढतो आणि तोल चुकीच्या जागी सापडतो. आपल्या चित्रातली फळी बिनवजनाची आहे. टेबलावर ते साधायचं तर पेन्सिल पट्टीच्या मध्याखालीच ठेवावी लागते. पट्टी जागेवर येत नसेल तर बहुतेक वेळा कारण हेच असतं, नाहीतर एखादं नाणं वेगळ्या छापाचं असतं.

दोनच घटक असतील तर या चित्रावरून तोंडी हिशेब निघतो. दोन गुणांमधलं अंतर घ्या, त्याला हलक्या घटकाच्या भारांशानं गुणा, आणि तेवढं जड घटकाच्या गुणांपासून हलक्याच्या दिशेनं चाला. इथे अंतर ३०, त्याचे २० टक्के म्हणजे ६, म्हणून ६० + ६ = ६६. कापसात अंतर १०००, त्याचा पाचवा भाग २००, म्हणून ७३०० − २०० = ७१००.

तीन मुलं फळीवर

घटक तीन झाले की "अंतराचा अमुक हिस्सा" ही युक्ती चालत नाही, पण फळी चालते. समजा एका विषयात गृहपाठाचा भारांश १०, सहामाहीचा ३० आणि अंतिम परीक्षेचा ६० आहे, आणि गुण अनुक्रमे ९५, ८० आणि ५५ टक्के मिळाले आहेत.

टेकू कुठे असेल ते अंदाजानं ठरवा. मी ७० धरतो. अंदाज चुकला तरी बिघडत नाही, तो किती चुकला ते फळीच सांगते. ७० च्या उजवीकडे गृहपाठ २५ अंतरावर आहे, त्याचा जोर १० × २५ = २५०. सहामाही १० अंतरावर, तिचा जोर ३० × १० = ३००. उजवीकडे एकूण ५५०. डावीकडे अंतिम परीक्षा १५ अंतरावर, जोर ६० × १५ = ९००. फळी डावीकडे ३५० नं झुकली आहे.

आता टेकू किती सरकवायचा? टेकू एक खूण डावीकडे गेला की उजवीकडच्या प्रत्येक मुलाचं अंतर एकानं वाढतं आणि डावीकडच्याचं एकानं घटतं. म्हणजे प्रत्येक खुणेमागे झुकाव सगळ्या वजनांच्या बेरजेइतका, १०० नं, कमी होतो. ३५० भागिले १०० म्हणजे ३.५. टेकू ७० वरून ६६.५ वर.

पडताळा घेऊ. उजवीकडे १० × २८.५ = २८५ आणि ३० × १३.५ = ४०५, मिळून ६९०. डावीकडे ६० × ११.५ = ६९०. तोल बरोबर आहे.

दहावीच्या सांख्यिकीत आपण गृहीतमध्य पद्धत शिकतो, ती हीच. तिथे मुलं विचलनांचा रकाना भरतात, गुणाकार करतात, बेरीज करतात, आणि हे सगळं कशासाठी ते बहुतेकांना कळत नाही. विचलन म्हणजे अंदाजी टेकूपासूनचं अंतर, वारंवारता म्हणजे वजन, आणि शेवटची दुरुस्ती म्हणजे टेकू सरकवणं. वर्गात हा धडा घेताना मी आता आधी फळी काढतो आणि मग रकाने आखतो.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. गृहपाठाचं वजन फक्त १० आहे, तरी त्याचा जोर २८५ आहे, सहामाहीच्या जोराच्या दोन तृतीयांशाहून जास्त. कारण ते मूल फार लांब बसलंय. म्हणून "जड भारांश ओढतो" हे अर्धंच खरं आहे. वजन आणि अंतर यांचा गुणाकार ओढतो. एखाद्या घटकाचा भारांश मोठा असला पण त्याचे गुण सरासरीच्या अगदी जवळ असले, तर तो टेकूला जागेवर धरून ठेवतो, कुठे ओढत नाही.

संगणकावर पडताळायचं असेल तर स्प्रेडशीटमध्ये B2 ते B4 मध्ये भारांश आणि C2 ते C4 मध्ये टक्के लिहा, आणि खालचं सूत्र टाका.

```
=SUMPRODUCT(B2:B4,C2:C4)/SUM(B2:B4)
```

उत्तर सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त गुणांच्या मध्येच यायला हवं. टेकू दोन्ही टोकांच्या मुलांच्या बाहेर ठेवून फळी कधी तोलत नाही. इथे उत्तर ५५ पेक्षा कमी किंवा ९५ पेक्षा जास्त आलं तर आकडा कुठेतरी चुकीचा भरला आहे.

शेवटच्या पेपरात किती हवेत

मुलं सगळ्यात जास्त हेच विचारतात, आणि फळी इथे सूत्रापेक्षा लवकर उत्तर देते. तेच उदाहरण घ्या, फक्त अंतिम परीक्षा अजून व्हायची आहे. निकाल ७५ लागायला हवा.

टेकू ७५ खाली पक्का ठेवा. उजवीकडे गृहपाठ २० अंतरावर, १० × २० = २००. सहामाही ५ अंतरावर, ३० × ५ = १५०. उजवीकडचा जोर ३५०. डावीकडे ६० वजनाचं मूल बसायचं आहे. ते किती लांब बसलं तर जोर ३५० होईल? ३५० भागिले ६०, म्हणजे ५.८३. म्हणून ७५ − ५.८३, सुमारे ६९.२ टक्के हवेत. गृहपाठ आणि सहामाहीत ७५ च्या वर जे मिळवलं, त्यातून अंतिम परीक्षेत पावणेसहा-सहा टक्क्यांचीच सवड निघाली. अंतिम परीक्षेचं वजन मोठं आहे, म्हणून सवड इतकी लहान.

याच वेळी उलटा प्रश्नही विचारावा. गृहपाठात पाच टक्के वाढवले तर निकाल किती हलेल? ५ चे १० टक्के, म्हणजे अर्धा. अंतिम परीक्षेत पाच वाढवले तर ५ चे ६० टक्के, म्हणजे ३. वेळ थोडा असेल तर तो कुठे द्यायचा हे यातून कळतं.

जिथे मुलं फसतात

सगळ्यात मोठी फसगत कच्च्या गुणांची. गुणपत्रकावर अंतर्गत २० पैकी १८ आणि लेखी ८० पैकी ४८ असं लिहिलेलं असेल, तर भारांश त्या "पैकी"मध्येच आलेला आहे. १८ + ४८ = ६६, काम संपलं. काही मुलं ४८ ला पुन्हा ८० टक्क्यांनी गुणतात, म्हणजे तेच वजन दुसऱ्यांदा चढवतात, आणि उत्तर भलतंच खाली येतं. उलट, चाचणी २५ गुणांची झाली आणि तिचा भारांश २० असेल, तर २५ पैकीचे गुण आधी टक्क्यांत आणावे लागतात. फळीवरच्या खुणा टक्क्यांच्या आहेत, २५ पैकी २० म्हणजे २० वर नव्हे, ८० वर बसायचं.

दुसरी फसगत अर्ध्या सत्रातली. गृहपाठ आणि सहामाही झाली, अंतिम परीक्षा बाकी आहे, आणि मूल विचारतं की आता माझे किती? ९५ चे १० टक्के ९.५ आणि ८० चे ३० टक्के २४, मिळून ३३.५, म्हणून आपण नापास, असं समजून घाबरलेली मुलं मी पाहिली आहेत. फळीवर अजून ४० चंच वजन बसलंय, म्हणून ३३.५ ला ०.४० नं भागायचं. उत्तर ८३.७५. ६० वजनाचं मूल अजून फळीवर चढलेलंच नाही, त्याला शून्यावर बसवू नका.

गैरहजेरीचंही तसंच आहे, आणि इथे नियम वाचावाच लागतो. गृहपाठ जमा केला नाही म्हणून शून्य दिला, तर १० वजनाचं मूल ० च्या खुणेवर जाऊन बसतं, टेकूपासून फार लांब. निकाल ६६.५ वरून ५७ वर येतो. पण आजारपणामुळे तो घटक माफ केला, तर ते मूल फळीवरून उतरतं. उरलेलं वजन ९०, निकाल ५७ भागिले ०.९०, म्हणजे ६३.३३. गुणपत्रकावर दोन्ही ठिकाणी रेघच दिसू शकते, फरक मात्र सहा टक्क्यांहून जास्त आहे. रेघेचा अर्थ काय, हे विभागात जाऊन विचारा.

फळी एक गोष्ट सांगत नाही. लेखी आणि अंतर्गत मूल्यमापनात वेगवेगळं पास व्हावं लागतं, असा नियम ज्या अभ्यासक्रमात आहे, तिथे टेकू कितीही वर असला तरी एक मूल उत्तीर्णतेच्या खुणेखाली बसलेलं असेल तर विषय राहतो. तो तपास फळी तोलायच्या आधी, एकेका घटकाचा वेगळा करायचा.

त्या संध्याकाळी निघताना मुलीनं गुणपत्रकाच्या झेरॉक्सवर पेन्सिलीनं एक आडवी रेघ ओढली, ६० वर मोठा गोल आणि ९० वर लहान गोल काढला, आणि खाली ६६ वर त्रिकोण. बाबांनी तिच्याकडून पेन्सिल घेतली आणि शेजारी तशीच दुसरी रेघ ओढली. एका टोकाला वीस, दुसऱ्या टोकाला पाच. त्रिकोण त्यांनी कुठलाही गुणाकार न करता वीसजवळ काढला. मी पट्टी लावून पाहिलं. जवळजवळ बरोबर जागी होता.